गोळी घेतली नाही, तरी ग्रंथी झोपली
मलम, पंप, नाकातला फवारा आणि गुडघ्यातली सुई: अंगाला स्टिरॉइडची सवय कशी लागते आणि धोका कोणाला?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "स्टिरॉइड घेता का?" बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचा माणूस बहुधा "नाही" म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी स्टिरॉइड म्हणजे मोठ्या दुखण्यातली गोळी, नाहीतर व्यायामशाळेतल्या पोरांनी घ्यायचं काहीतरी. (ते दुसऱ्या जातीचं, स्नायू फुगवणारं स्टिरॉइड. या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.) नायट्यावर लावायची ट्यूब हे मलम, दम्याचा पंप हा पंप, चोंदलेल्या नाकात मारायचा फवारा हा फवारा आणि दुखऱ्या गुडघ्यात टोचली ती गुडघ्याची सुई. या चारही वस्तूंमध्ये पुष्कळदा स्टिरॉइडच असतं.

याच माणसाला पुढे कधीतरी साधे जुलाब होतात आणि तो सलाईन लावूनही उठत नाही. रक्तदाब वर येत नाही, साखर घसरते, शुद्ध हरपू लागते. कारण शोधता शोधता कळतं की त्याच्या अंगातलं स्वतःचं स्टिरॉइड आटलेलं आहे. इथे दोन कोडी पडतात. पोटात न गेलेलं औषध मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीला बंद कसं पाडतं? आणि ज्याच्या अंगात महिनोन्‌महिने स्टिरॉइड जरा जास्तच मुरलं, त्याला ते एकाएकी कमी कसं पडतं?

विहीर आणि टँकर

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एकेक ग्रंथी असते. तिचं नाव अ‍ॅड्रिनल. ती रोज साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसोल तयार करते. हेच शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. रक्तदाब टिकवणं, दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातली साखर सांभाळणं आणि सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची मुख्य कामं. पहाटे ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्री सर्वांत कमी. ताप, जुलाब, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली की निरोगी ग्रंथी हेच उत्पादन कितीतरी पट वाढवते. या वाढीवर त्या दिवशी माणसाचा जीव अवलंबून असतो.

ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो. पिट्युटरी 'एसीटीएच' नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि ते पोहोचलं की अ‍ॅड्रिनल कामाला लागते. रक्तात कॉर्टिसोल पुरेसं झालं की मेंदू निरोप थांबवतो. हे स्टिरॉइड ग्रंथीने बनवलं की ट्यूबमधून झिरपलं, यातला फरक मेंदूला कळत नाही. रक्तात स्टिरॉइड आहे एवढंच त्याला दिसतं, आणि तो गप्प बसतो.

बीडच्या माणसाला यापुढचं समजायला सोपं आहे. गावात रोज टँकर येऊ लागला की विहिरीकडे कोणी फिरकत नाही. उपसा थांबतो, गाळ साचतो, झरे बुजतात. टँकर येतोय तोवर कोणाचं काही अडत नाही, विहीर गेली हे ध्यानातही येत नाही. मग एक दिवस टँकर बंद होतो, आणि त्या दिवशी विहीर लगेच भरत नाही. अ‍ॅड्रिनलचं असंच होतं. एसीटीएच आलं नाही की कॉर्टिसोल बनवणारा तिचा आतला थर आठवड्या-महिन्यांत आक्रसत जातो. बाहेरचं स्टिरॉइड थांबलं, किंवा चालू असलं तरी आजारपणाने गरज अचानक वाढली, की तुटवडा उघडा पडतो.

एक बारकावा डॉक्टरांनाही चकवतो. ब्रिटिश वैद्य थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःच नष्ट होते. अशा रुग्णाची कातडी आणि हिरड्या काळवंडतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. स्टिरॉइडने झोपलेल्या ग्रंथीत यातलं काही दिसत नाही. कातडी काळवंडते ती एसीटीएच वाढल्यामुळे, आणि इथे तर तेच कमी असतं. मीठ-पाण्याचा तोल राखणारा ग्रंथीचा बाहेरचा थर एसीटीएचवर फारसा अवलंबून नसतो, म्हणून तो शाबूत राहतो. साहजिकच पुस्तकातली ठळक खूण शोधणाऱ्याला हा रुग्ण नुसता थकलेला वाटतो.

कातडीची वाट: नायट्याची ट्यूब

बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीतला मुक्काम, घामाने भिजलेले जाड कपडे, अंघोळीला अपुरं पाणी आणि कुटुंबात एकच टॉवेल. नायट्याच्या बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. जांघेत, कमरेला, काखेत आणि स्तनांखाली चट्टे उठतात, खाज सुटते आणि माणूस मेडिकलवर जातो.

तिथे मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड अशी भेळ असते. स्टिरॉइडमुळे दोन-तीन दिवसांत खाज आणि लाली थांबते, म्हणून मलम 'गुणकारी' ठरतं. पण स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. लावणं थांबवलं की चट्टे दुप्पट होऊन येतात. मग पुन्हा तीच ट्यूब. अशी वर्षं जातात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तरी नुसतं नाव सांगून ट्यूब घेण्याची सवय मोडलेली नाही.

कातडीतून किती औषध रक्तात जातं हे जागेवर ठरतं. १९६७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर ठिकठिकाणी लावून मोजणी केली. मनगटाच्या वरच्या हाताच्या कातडीतून जेवढं शोषलं जातं त्याला १ धरलं, तर तळपायातून ०.१४, काखेतून सुमारे ३.६, कपाळातून ६ आणि अंडकोषाच्या कातडीतून ४२ पट शोषण झालं. म्हणजे नायटा जिथे सर्वांत जास्त होतो त्याच जागा औषध सर्वांत जास्त पितात. वर घट्ट कपडा आणि घाम असेल, किंवा तान्ह्या बाळाचं डायपर असेल, तर शोषण आणखी वाढतं.

आता मात्रेचा हिशोब पाहू. ०.०५ टक्के क्लोबेटासोलचं मलम रोज २ ग्रॅम लावलं तरी अ‍ॅड्रिनल दबू शकते, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची वळी काढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. म्हणजे २ ग्रॅम मलम आठ तळहातांएवढ्या जागेला लागतं. कमर आणि दोन्ही जांघा मिळून एवढी जागा सहज होते. याहून सोपं माप ट्यूबचं आहे. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपत असेल, तर वापर रोज २ ग्रॅमवर पोहोचलेला आहे.

ट्यूबवरचं नाव वाचता येतं. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावं. ज्यांच्या शेवटी 'कोनाझोल' येतं ती बुरशीची औषधं. चेहरा गोरा व्हावा म्हणून लावल्या जाणाऱ्या काही ट्यूबांतही मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. चेहऱ्याची जागा लहान, म्हणून एवढ्याने ग्रंथी सहसा दबत नाही, पण एकूण बेरजेत तेही धरायचं.

श्वासाची वाट: पंप आणि फवारा

दम्याच्या पंपाविषयी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दम्याचा रुग्ण पंपाने मरत नाही, पंप सोडल्याने मरू शकतो. पुढचं सगळं या वाक्याच्या चौकटीत वाचावं.

पंप थेट तोंडात मारला तर औषधाचा मोठा भाग घशात बसतो आणि गिळला जातो. गिळलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात पोहोचतं. तिथे ब्युडेसोनाइडचा सुमारे नव्वद टक्के आणि फ्लुटिकासोनचा जवळजवळ सगळा भाग मोडून टाकला जातो. फुप्फुसात उतरलेल्या भागाला मात्र हा नाका लागत नाही. तो सरळ रक्तात मिसळतो. म्हणून चूळ भरून थुंकल्याने तोंडातली बुरशी टळते आणि गिळलं जाणारं औषध घटतं, पण फुप्फुसातून रक्तात जाणारा भाग तसाच राहतो. तो भाग एकूण मात्रेवर ठरतो.

मोठ्या माणसासाठी ब्युडेसोनाइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत ही कमी मात्रा, ८०० च्या वर जास्त. फ्लुटिकासोन अधिक प्रबळ, त्यामुळे तिथे २५० पर्यंत कमी आणि ५०० च्या वर जास्त. कमी मात्रेत ग्रंथी दबण्याची भीती फार थोडी. ब्रिटनमध्ये पंपामुळे अ‍ॅड्रिनलचा झटका आलेल्या रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे ३३ रुग्ण सापडले, त्यांतली २८ मुलं होती. त्यांपैकी २३ मुलं रक्तातली साखर घसरलेल्या अवस्थेत आली होती. बहुतेक रुग्ण दिवसाला ५०० ते २००० मायक्रोग्रॅम फ्लुटिकासोन घेत होते. मुलाच्या इवल्याशा शरीराला हे फार झालं. दमा आटोक्यात आल्यावर मात्रा पायरीपायरीने कमी करत आणायची असते. ते राहून जातं आणि मूल जुन्याच मोठ्या मात्रेवर वर्षानुवर्षं राहतं, तिथे हा धोका उभा राहतो.

नाकातल्या फवाऱ्याची मात्रा मुळात लहान असते. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा फवारा सांगितलेल्या प्रमाणात एकटा वापरला तर ग्रंथीला क्वचितच धक्का लागतो. नाकात टाकायचे बीटामेथासोनचे थेंब मात्र वेगळे. डोकं मागे टाकून सोडलेले थेंब घशात उतरतात, गिळले जातात, आणि बीटामेथासोनला यकृत सहज मोडत नाही. असे थेंब महिनोन्‌महिने वापरून चेहरा सुजलेले आणि ग्रंथी दबलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

सांध्याची वाट: गुडघ्याची सुई

ऊस तोडणाऱ्याचं दिवसभराचं काम वाकून आणि उकिडवं बसून चालतं, वर मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं असतं. चाळिशीच्या आतच गुडघे बोलू लागतात. हंगामाला निघण्याआधी सुई टोचून घेतली की दोन-तीन महिने निभावतात.

या सुईत सहसा ट्रायअ‍ॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम असतं. औषध मुद्दाम न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या रूपात दिलेलं असतं, म्हणजे ते सांध्यात बराच काळ राहावं. पण सांध्याच्या अस्तरात रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांतून ते थोडं थोडं रक्तात जात राहतं. ४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन म्हणजे प्रेडनिसोलोनच्या ५० मिलिग्रॅम गोळ्यांइतकी ताकद. एक-दोन दिवसांतच शरीराचं कॉर्टिसोल घसरतं आणि बहुतेकांत ते एक ते चार आठवड्यांत सावरतं. एकदाच सुई घेणाऱ्याला हे कळतही नाही. दोन्ही गुडघ्यांत एकाच वेळी, शिवाय दर महिन्या-दीड महिन्याने घेणाऱ्याच्या ग्रंथीला सावरायला उसंतच मिळत नाही. एकाच सांध्यात दोन सुयांमध्ये निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवण्याची पद्धत आहे. मधुमेही माणसाची साखर सुईनंतर काही दिवस उसळते. औषध गुडघ्यात थांबलं नाही, रक्तात उतरलं, याचा हा घरबसल्या दिसणारा पुरावा.

या चारही वाटांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तपासणीत ज्यांची ग्रंथी अपुरी ठरली असे रुग्ण नाकातल्या औषधात ४.२ टक्के, कातडीवरच्या औषधात ५.८ टक्के, पंपात ७.८ टक्के आणि सांध्यातल्या सुईत ५२.२ टक्के होते. शेवटचा आकडा बघून घाबरायला नको. तो थोड्या रुग्णांवरचा आहे आणि तपासणी सुईनंतर लवकरच झालेली होती. शिवाय तपासणीत नापास होणं आणि आजारी पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच मांडणीत काळाचा आणि मात्रेचा परिणाम स्पष्ट दिसतो. दम्याच्या रुग्णांत औषध महिन्याच्या आत थांबलं तर १.४ टक्के, आणि वर्षाहून अधिक चाललं तर २७.४ टक्के रुग्णांची ग्रंथी अपुरी निघाली.

एका हंगामाचा हिशोब

आता या वाटा एकत्र कशा येतात ते एका काल्पनिक, पण रोजच्या घटकांनी बनलेल्या उदाहरणावरून पाहू. समजा, धारूर तालुक्यातली चाळीस-पंचेचाळीस वर्षांची एक ऊसतोड बाई आहे. पावसाळ्यापासून कमरेला आणि जांघांत नायटा, म्हणून क्लोबेटासोलची भेळ असलेली ३० ग्रॅमची ट्यूब महिन्याला दोन, म्हणजे रोज २ ग्रॅम. चुलीच्या धुराने जडलेल्या दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप, सकाळ-संध्याकाळ ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला ८००. दिवाळीनंतर निघण्याआधी दोन्ही गुडघ्यांत ४०-४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन. तिने एकही गोळी घेतलेली नाही. तिन्ही औषधं तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलेली आहेत.

सांगलीकडच्या फडावर गेल्यावर एक डॉक्टर तिचा नायटा बघून योग्य तेच करतात. बुरशीची गोळी देतात, इट्राकोनाझोल. इथेच मेख आहे. पंपातलं ब्युडेसोनाइड आणि गुडघ्यातलं ट्रायअ‍ॅमसिनोलोन मोडायचं काम यकृतातलं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, करत असतं. शास्त्रज्ञ त्याला 'सिप-३ए-४' म्हणतात. इट्राकोनाझोल नेमकं हेच विकर अडवतं. मात्रा तीच, पण मोडणारा थांबल्यामुळे रक्तातलं स्टिरॉइड वाढत राहतं. महिनाभरात तिचा चेहरा गोल होतो, पोटावर जांभळट चिरा उठतात, जरा खरचटलं की काळंनिळं पडतं. शेजारणी म्हणतात, तब्येत सुधारली.

नायटा बरा होतो. गोळी संपते आणि ट्यूबही सुटते. त्याच सुमारास पंपही संपतो आणि फडावर नवा मिळत नाही. गुडघ्यातलं औषध झिजून गेलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांच्या आत तिन्ही बाजूंनी येणारा पुरवठा आटतो. बाईला गळल्यासारखं होतं, जेवण जात नाही, मळमळतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, सांधे पुन्हा दुखतात. थकवा कामाचा धरला जातो. जानेवारीत खराब पाण्याने जुलाब-उलट्या सुरू होतात. निरोगी ग्रंथीने या वेळी कॉर्टिसोल अनेक पटींनी वाढवलं असतं. हिची ग्रंथी झोपलेली आहे.

दवाखान्यात रक्तदाब ८४/५०. दोन बाटल्या सलाईन चढवूनही तो फारसा हलत नाही. रक्तातली साखर ५८, सोडियम १२६, पोटॅशियम ठीक. यातला कुठलाही आकडा एकटा निदान सांगत नाही. पण सलाईनला दाद न देणारा रक्तदाब, घसरलेली साखर, कमी सोडियम आणि गोल चेहरा हे चौघे एकत्र दिसले की जाणत्या डॉक्टरच्या मनात प्रश्न उठायला हवा. ते कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवतात आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून देतात. सलाईन चालूच असतं, साखर कमी म्हणून ग्लुकोजही दिलं जातं. काही तासांत रक्तदाब सावरतो आणि बाई बोलू लागते. नंतर अहवाल येतो. कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. एवढ्या आजारात ते १८ च्या आसपास किंवा वर असायला हवं होतं.

पुढे चोवीस तासांत मिळून २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि मग तोंडाने कमी मात्रा, असा उपचार चालतो. या एका इंजेक्शनसाठी वाट बघायची नसते. निदान चुकलं तरी एका मात्रेने सहसा नुकसान होत नाही. निदान बरोबर असून इंजेक्शन उशिरा मिळालं तर जीव जाऊ शकतो.

धोका कोणाला जास्त?

या उदाहरणात एकेकटी मात्रा भयंकर नव्हती. बेरीज भयंकर होती. अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या युरोपीय आणि अमेरिकी संघटनांनी २०२४ साली संयुक्त मार्गदर्शिका काढली. तिने गोळी न घेणाऱ्यांमध्येही असा शोध घ्यायला सांगितलं आहे, आणि एकाहून अधिक वाटांनी स्टिरॉइड घेणाऱ्यांना आवर्जून वेगळं काढलं आहे.

दुसरा मुद्दा सोबतच्या औषधांचा. इट्राकोनाझोलसारखंच एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर हे औषधही ते विकर अडवतं. शासकीय उपचारातल्या दुसऱ्या फळीच्या काही गोळ्यांत रिटोनाव्हिर असतं. अशा रुग्णाला फ्लुटिकासोनचा पंप किंवा गुडघ्यात ट्रायअ‍ॅमसिनोलोनची एखादी सुई दिली, तरी ग्रंथी बराच काळ दबून राहू शकते. याच्या उलट वागतं क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन. ते त्या विकराचा वेग वाढवतं आणि शरीराचं स्वतःचं उरलंसुरलं कॉर्टिसोलही लवकर मोडून टाकतं. ग्रंथी अर्धवट दबलेल्या रुग्णाला क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर थकवा आणि उलट्या वाढल्या, तर ते रोगाचं किंवा गोळ्यांच्या त्रासाचं लक्षण समजलं जातं आणि खरं कारण मागे राहतं.

तिसरा मुद्दा बीडचाच. स्थलांतर करणाऱ्या माणसाचा औषधाचा इतिहास दोन-तीन जिल्ह्यांत विखुरलेला असतो. सुई देणाऱ्याला ट्यूब माहीत नसते, ट्यूब देणाऱ्याला पंप माहीत नसतो आणि आणीबाणीत हाताळणाऱ्या डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसतं. त्यात सांधेदुखीच्या 'देशी' पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरली, तर बेरीज आणखी वाढते.

| थोडक्यात: यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं |
|---|
| एकाहून जास्त वाटांनी स्टिरॉइड चालू आहे (ट्यूब आणि पंप, पंप आणि सुई वगैरे). |
| जहाल स्टिरॉइडची ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत किंवा त्याआधी संपते. जांघ, काख अशा नाजूक जागी किंवा बाळाच्या डायपरखाली लावली जाते. |
| पंपाची मात्रा जास्त आहे, किंवा ती वर्षाहून अधिक काळ तपासून कमी केलेली नाही. लहान मुलांत विशेष. |
| गेल्या दोन महिन्यांत सांध्यात सुई घेतली आहे, किंवा वर्षात अनेकदा घेतली आहे. |
| सोबत इट्राकोनाझोल, रिटोनाव्हिर किंवा रिफॅम्पिसिन चालू आहे. |
| चेहरा गोल झाला आहे, कातडी पातळ झाली आहे, जांभळट चिरा आहेत. औषध कमी केल्यावर थकवा, मळमळ, चक्कर आली आहे. |

तपासणी आणि परतीचा रस्ता

संशय आला तर पहिली तपासणी साधी आहे: सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल. वेळ महत्त्वाची, कारण सकाळी ते सर्वांत जास्त असायला हवं. दुपारच्या रक्तावरून निष्कर्ष काढता येत नाही. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी आहे असं धरतात. ५ च्या खाली असेल तर ती झोपलेली आहे. मधल्या आकड्यात थोड्या काळाने पुन्हा तपासायचं, किंवा ग्रंथीला एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ती किती उत्तर देते ते मोजायचं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना हा आकडा फसवा जास्त येतो, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

ग्रंथी झोपली म्हणजे कायमची गेली असं नाही. बाहेरचं स्टिरॉइड कमी होत गेलं की आधी मेंदू आणि पिट्युटरी जाग्या होतात, मग त्यांच्या हुकुमाने अ‍ॅड्रिनल भरून येते. थोड्या दिवसांच्या वापरानंतर याला काही आठवडे पुरतात, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर सहा महिने, वर्ष किंवा अधिकही लागतं. या मधल्या काळात काही रुग्णांना सकाळी हायड्रोकॉर्टिसोनची लहान मात्रा द्यावी लागते. ज्या स्टिरॉइडने घोटाळा केला त्याच्याच जातीचं औषध उपचार म्हणून द्यायचं, हे विचित्र वाटतं. पण ते शरीराच्या गरजेएवढंच असतं आणि त्याचा परिणाम लवकर संपतो, त्यामुळे रात्री मेंदूला पुन्हा निरोप पाठवायला जागा उरते. अशा रुग्णाला ताप आला तर मात्रा तात्पुरती दुप्पट करतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यावंच लागतं, आणि कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागतं.

म्हणून हा लेख वाचून कोणी आजच ट्यूब फेकली आणि पंप बंद केला, तर ते सर्वांत वाईट होईल. जास्त मात्रेचा पंप डॉक्टर पायऱ्यांनी खाली आणतात. महिनोन्‌महिने अंगभर लावलेलं जहाल मलम हळूहळू सौम्य करत थांबवतात आणि त्याच वेळी बुरशीचा खरा उपचार करतात. आणि हंगामाला निघण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून घेणं कोणालाही जमतं: कोणती ट्यूब, महिन्याला किती, कोणता पंप, दिवसाला किती वेळा, गुडघ्यात सुई कधी, कोणती, सोबत कोणत्या गोळ्या. शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना लिहावी: 'उलट्या-जुलाब होऊन रक्तदाब वर येत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचा विचार करावा.' परक्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला योग्य दिशा देण्यासाठी एवढा कागद पुरतो. त्याची घडी पंपाच्या डबीतच ठेवावी, म्हणजे फडावरून दवाखान्यात नेताना ती शोधत बसावी लागत नाही.